नर्सिंगमधून क्लेम प्रोसेसिंगकडे : माझं कव्हर लेटर पटतंय की साच्यातलं वाटतंय?

धंतोली_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी धंतोलीच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. जीएनएम केलंय, नऊ वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी आयसीयूत. आता नागपुरातच विमा कंपन्यांसाठी क्लेमचे कागद तपासणाऱ्या एका टीपीएच्या ऑफिसात क्लेम एक्झिक्युटिव्हची जागा निघाली आहे. जाहिरातीत 'नर्सिंग, फार्मसी किंवा समकक्ष' असं लिहिलंय, म्हणून अर्ज करतेय. लेटर इंग्रजीत आहे, इथे त्याचा मजकूर मराठीत देते. व्याकरण भाऊ बघून देणार आहे. मला एवढंच हवंय की वाचणाऱ्याला हे पटेल का, की असली पत्रं त्याच्याकडे ढिगाने येत असतील.

"आपल्या नामांकित संस्थेतील क्लेम एक्झिक्युटिव्ह या पदासाठी मी अर्ज करत आहे. नर्सिंगमधील नऊ वर्षांच्या समृद्ध अनुभवामुळे माझ्यात संवादकौशल्य, टीमवर्क, तणावाखाली काम करण्याची क्षमता आणि बारकाईने पाहण्याची सवय विकसित झाली आहे. आरोग्य विमा क्षेत्राची मला मनापासून आवड असून नव्या क्षेत्रात स्वतःला सिद्ध करण्याची संधी मी शोधत आहे. खोटे क्लेम ओळखून ते नाकारण्यात आणि खरे क्लेम लवकर मंजूर करण्यात मी मोलाचे योगदान देऊ शकेन. मी मेहनती, प्रामाणिक आणि लवकर शिकणारी आहे. मुलाखतीची संधी द्यावी ही विनंती."

इतवारीवाला

ताई, आकडे टाका. आकड्याशिवाय कोणी विचारत नाही. किती बेडचं आयसीयू, किती पेशंट सांभाळले, किती जणी तुमच्या हाताखाली होत्या. आमच्या इतवारीत माणूस ठेवताना मी पहिलं हेच विचारतो, महिन्याला किती माल हलवलास. "समृद्ध अनुभव" म्हणजे काही कळत नाही, "बारा बेडचं आयसीयू" म्हटलं की चित्र उभं राहतं.

खामला_काका

बाई, नऊ वर्षांचा अनुभव असा वाऱ्यावर का सोडता? एम्सची नॉर्सेट परीक्षा द्या, मिहानमधलं एम्स घरापासून जवळ पडेल. नाहीतर मेडिकल आणि मेयोच्या भरतीवर लक्ष ठेवा. सरकारी नर्सला आता जुनी पेन्शन नसली तरी पगार आणि सुट्ट्या बघा. टीपीएत कॉम्प्युटरसमोर बसून डोळे जातील.

धंतोली_सिस्टर

काका, कळकळ समजते, पण नर्सिंग सोडायचं की नाही हा प्रश्न आता राहिलेला नाही. घरात बोलून ठरलंय. प्रश्न फक्त पत्राचा आहे.

इतवारीवाले दादा, बेडचा आकडा टाकता येईल. पण क्लेमच्या माणसाला त्याचा काय उपयोग होईल हे मला नीट उमगत नाहीये.

वर्धारोड_बीएचएमएस

सिस्टर, तुमची शंका बरोबर आहे. मी होमिओपॅथीची डॉक्टर, प्रॅक्टिस सोडून क्लेममध्ये आले आणि आता माझ्या टीमसाठी येणारे अर्ज मीच वाचते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट करून बघा. तुमच्या पत्रातून 'आरोग्य विमा' आणि 'क्लेम' हे शब्द काढा आणि तिथे हॉटेल किंवा बँक घाला. पहिलं, तिसरं आणि शेवटची दोन वाक्यं जशीच्या तशी राहतात. दुसऱ्या वाक्यात 'नर्सिंग' आहे, पण ती चार कौशल्यं शिक्षकाच्या पत्रातही असतात आणि मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्याही. म्हणजे अख्ख्या पत्रात तुमच्याबद्दल आणि आमच्या टेबलाबद्दल बोलणारं वाक्य एकच उरलं, खोटे क्लेम नाकारण्याचं. आणि नेमकं तेच चुकीचं आहे.

क्लेम टीपीए नाकारत नाही. आम्ही कागद तपासतो, पॉलिसीच्या अटींशी ताडून बघतो आणि शिफारस करतो. देय की अदेय हा निर्णय विमा कंपनीचा. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकानंतर तर कंपनीलाही क्लेम फेटाळायचा असेल तर तो तिच्या रिव्ह्यू कमिटीपुढे जावा लागतो. तुम्हाला हे माहीत नसणं गैर नाही, बाहेरच्या कोणालाच माहीत नसतं. पण वाचणारी मी पहिल्याच परिच्छेदात ओळखते की या बाईंनी या खुर्चीवरचं काम कसं चालतं ते कोणाला विचारलेलं नाही. क्षेत्र बदलणाऱ्याच्या पत्रात मी सगळ्यात आधी क्रियापदं बघते. 'नाकारीन', 'मंजूर करीन', 'योगदान देईन' म्हणणारा बाहेर उभा असतो. 'क्वेरी काढीन', 'कागद जुळवीन', 'शिफारस लिहीन' म्हणणारा निदान दारापर्यंत आलेला असतो.

आकड्यांबद्दल इतवारीवाल्यांचं अर्धं बरोबर आहे. आकडा हवा, पण आमच्या कामाचा. बारा बेड वाचून मला एवढंच कळतं की तुम्ही चांगल्या नर्स आहात, आणि ते सीव्हीत आहेच. तुमच्या हॉस्पिटलात विम्याचे पेशंट किती, त्यांच्या फायली तुमच्या हातून जात होत्या का, टीपीए डेस्कवरून फोन आला की उत्तर कोण द्यायचं, हे सांगितलंत तर माझे कान टवकारतील.

म्हणून आधी मला हे सांगा. विम्याच्या कागदांशी तुमचा प्रत्यक्ष संबंध कधी आला का? आला असेल तर एक प्रसंग लिहा. पेशंटची ओळख नको, फक्त काय झालं ते.

मानेवाडा_रोशन

मॅडम बरोबर बोलून राहिल्या, पण मी म्हणतो कव्हर लेटर वाचते कोण? पोर्टलवर टाकलं की गेलं. मी फायनान्स कंपनीत रिकव्हरीत होतो, तिथून शाळेच्या ऑफिसात आलो, लेटर-बिटर काहीच दिलं नव्हतं. ओळखीनं झालं. सिस्टरनं त्या ऑफिसातला एखादा माणूस गाठावा, त्यात जास्त दम आहे.

वर्धारोड_बीएचएमएस

रोशन, ओळख असेल तर वापरावीच. आणि ज्याचा सीव्ही जागेला सरळ बसतो त्याचं पत्र मीही पुष्कळदा उघडत नाही. पण नऊ वर्षं आयसीयू असलेला सीव्ही क्लेमच्या जागेसाठी आला की मनात प्रश्न उभा राहतोच, ही इथे का येतेय? आणि सहा महिन्यांत वॉर्डात परत जाईल का? त्याचं उत्तर सीव्हीत कुठेच नसतं, म्हणून अशा वेळी पत्र उघडलं जातं. 'मनापासून आवड' या शब्दांनी ते उत्तर मिळत नाही, कारण आवड कोणीही लिहू शकतं.

धंतोली_सिस्टर

प्रसंग आहे, पण लिहिण्यासारखा आहे की नाही माहीत नाही, कारण तो रोजचाच आहे.

आमच्याकडे डेंग्यूच्या सीझनमध्ये विम्याचे पेशंट पुष्कळ असतात. डिस्चार्ज समरी ड्युटीवरचे डॉक्टर, म्हणजे आरएमओ लिहितात, गर्दी असली की तीन ओळी. ताप, आयव्ही फ्लुइड दिलं, पेशंट स्टेबल, डिस्चार्ज. मग टीपीएची क्वेरी येते की भरती करण्याची गरज काय होती, घरी औषध घेऊन भागलं असतं. डेस्कवरचा मुलगा कॉमर्सचा, तो फाइल घेऊन वर येतो आणि विचारतो, सिस्टर, यात काय द्यायचं? मग मी टीपीआर चार्ट काढून देते, त्यात ताप कधी किती चढला ते असतं. नर्सिंग नोट्समध्ये उलट्या किती वेळा झाल्या, तोंडाने काही टिकत नव्हतं, हे वेळेसकट असतं. इनटेक-आउटपुट चार्टवर लघवी कमी झाल्याचं दिसतं. बीपी पडलं असेल तर ते. प्लेटलेटचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून देते. डॉक्टरांच्या सहीचं एक जस्टिफिकेशन लेटर असतं, त्यात काय यायला हवं ते मीच आरएमओंना सांगते. बहुतेक वेळा त्यानंतर पास होतं.

दुसरं, हिस्ट्रीची भानगड. नातेवाइकाने घाईत सांगितलेलं 'बीपी दहा वर्षांपासून' ॲडमिशन नोटमध्ये उतरतं, समरीत 'दोन वर्षं' असतं, आणि मग आधीपासूनचा आजार लपवला म्हणून अडतं. अशा वेळी जुनी प्रिस्क्रिप्शन मागवून खरी तारीख काय ते बघावं लागतं. पुढे पुढे मी ॲडमिशनच्या वेळीच विचारून घ्यायला लागले.

वर्धारोड_बीएचएमएस

सिस्टर, हे तुमच्या पत्रात एका अक्षरानेही नाही! आणि मला हवं आहे ते हेच.

बाहेरच्यांना कळावं म्हणून या कामातली अडचण सांगते. त्याच 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या प्री-ऑथवर, म्हणजे उपचाराच्या आगाऊ मंजुरीवर, एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा लागतो. त्या वेळात प्रोसेसरने अर्धवट कागद बघून एक क्वेरी टाकली, तिचं उत्तर आल्यावर दुसरी सुचली, मग तिसरी, की पेशंट कपडे बदलून बिलिंग काउंटरसमोर बसून राहतो आणि शिव्या सगळ्यांना पडतात. चांगला प्रोसेसर फाइल एकदा बघतो आणि जे काही कमी आहे ते एकाच क्वेरीत मागतो. त्यासाठी त्याला हॉस्पिटलच्या फाइलमध्ये कोणती गोष्ट कुठल्या कागदावर सापडते हे ठाऊक हवं. नवीन बीएचएमएस, बीएएमएस मुलांना हे शिकवण्यात माझे महिने जातात. तुम्हाला ते आधीच येतं.

तुमच्या मूळ पत्रातल्या 'बारकाईने पाहण्याची सवय' या तीन शब्दांच्या मागे हा अख्खा टीपीआर चार्ट दडला होता. तुम्ही गुण लिहिलात आणि ज्यावरून तो गुण दिसतो ते काम गाळलंत. 'बारकाईने' वाचून मी पुढे जाते. 'समरीत तीन ओळी होत्या, गरज इनटेक-आउटपुट चार्टवर दिसत होती' हे वाचून मी थांबते, कारण हे वॉर्डात उभं राहिल्याशिवाय कोणाला लिहिता येणार नाही.

आता नवं लिहा आणि इथे टाका. दोन गोष्टी सांभाळा. पेशंट ओळखू येईल असं काही नको, आजार आणि कागदाचा प्रकार एवढं पुरे. आणि तुमच्या हॉस्पिटलची समरी वाईट असते, बिलं फुगवतात, असा सूर चुकूनही नको. आज हॉस्पिटलची आतली गोष्ट आम्हाला सांगणारी उद्या आमची बाहेर सांगेल, असंच वाचणाऱ्याच्या मनात येतं.

एचआर_त्रिमूर्तीनगर

मी एका आयटी कंपनीच्या एचआरमध्ये आहे, विमा माझा प्रांत नाही. वरचं पटतंय, पण सोडण्याचं कारण पत्रात स्पष्ट हवंच असं माझं मत. "नऊ वर्षं नाइट ड्युटी केली, आता दिवसपाळीचं काम हवं" असं सरळ लिहिलं तर प्रामाणिक वाटतं. लपवलं की संशय येतो.

धंतोली_सिस्टर

कारण तेच आहे खरं म्हणजे. नाइट आणि पाठदुखी. पण पाठदुखी लिहिली तर घेतील का?

वर्धारोड_बीएचएमएस

इथे माझं एचआर मॅडमशी जुळत नाही. नाइट ड्युटी नको म्हणून येतेय असं वाचलं की मला वाटतं, दिवसपाळीची कोणतीही नोकरी चालली असती, आमचीच का? शिवाय कॅशलेस डेस्क चोवीस तास चालतो, रोटेशनमध्ये रात्र आमच्याकडेही येते. जाहिरात नीट वाचा, शिफ्टचा उल्लेख आहे का बघा. पाठदुखी ही तुमची खासगी बाब, ती पत्रात यायची गरजच नाही. मी सोडण्याचं कारण गाळून येण्याचं कारण लिहीन. मुलाखतीत विचारलं तर खरं सांगा.

एचआर_त्रिमूर्तीनगर

शिफ्टचा मुद्दा मान्य. तरीही आमच्याकडे कारण न लिहिलेल्या अर्जाला पहिला फोन याच प्रश्नासाठी जातो. मी एक ओळ तरी लिहीन.

धंतोली_सिस्टर

काल ड्युटीनंतर नवं लिहिलं. तेही मराठीतच देते.

"क्लेम एक्झिक्युटिव्ह या पदासाठी अर्ज करत आहे. मी नऊ वर्षे स्टाफ नर्स आहे. आयसीयूत रात्री दोन वाजता पेशंट कोसळला तेव्हा डॉक्टर येईपर्यंत सीपीआर देऊन मी त्याला वाचवले आहे, त्यामुळे दडपणाखाली निर्णय घेण्याची मला सवय आहे. गेली काही वर्षे आमच्या टीपीए डेस्कला आलेल्या वैद्यकीय क्वेरींची उत्तरे मी तयार करून देते. डेंग्यूच्या एका फाइलमध्ये भरतीच्या गरजेबद्दल क्वेरी होती. डिस्चार्ज समरीत ती गरज दिसत नव्हती, पण टीपीआर चार्ट, नर्सिंग नोट्स आणि इनटेक-आउटपुट चार्टवर दिसत होती. ते कागद तारखेप्रमाणे लावून दिल्यावर क्लेम पुढे गेला. अशा फायली पाहताना एका क्वेरीत सगळे मागितले तर पेशंटचा किती वेळ वाचतो हे मी हॉस्पिटलच्या बाजूने पाहिले आहे. हेच काम तुमच्या बाजूने करायचे आहे. पॉलिसीच्या अटी, सब-लिमिट आणि कपाती मला शिकाव्या लागतील, सध्या दोन कंपन्यांच्या पॉलिसींचे मजकूर वाचत आहे."

इतवारीवाला

एक नंबर! सीपीआरवालं वाक्य वाचून अंगावर काटा आला. तेच सगळ्यात वर ठेवा.

वर्धारोड_बीएचएमएस

इतवारीवाले, मी नेमकं तेच वाक्य काढायला सांगणार होते.

सिस्टर, तो प्रसंग मोठा आहे आणि त्याचा तुम्हाला अभिमान असायलाच हवा. पण तो वाचून माझ्या मनात येतं, ही बाई आयसीयूत शोभते, इथे फायलींत कंटाळेल. ज्या संशयाचं उत्तर द्यायला पत्र लिहिलं तोच संशय ते वाक्य वाढवतं. साच्यातल्या पत्रापासून दूर जाताना पुष्कळ जण इथे येऊन अडकतात. तपशील येतो, खरा असतो, मनाला भिडतोही, पण तो जुन्या कामाचा असतो. तपशील आहे एवढ्याने भागत नाही, तो नव्या टेबलाकडे बोट दाखवणारा लागतो. डेंग्यूची फाइल तसं बोट दाखवते.

'क्लेम पुढे गेला' हे मला आवडलं. 'मी पास करून दिला' लिहिलं असतं तर खटकलं असतं. 'तुमच्या बाजूने करायचे आहे' हे येण्याचं कारण म्हणून पुरेसं आहे, आणि काय येत नाही ते तुम्ही स्वतःहून सांगितलंत, त्याने वरचं सगळं जास्त खरं वाटतं. फक्त 'दोन कंपन्यांच्या पॉलिसी वाचतेय' लिहिलंत तर त्या खरंच वाचा. मी लगेच विचारीन की पॉलिसीत रूम रेंट रोज 5,000 आहे, पेशंटने 8,000 ची रूम घेतली आणि प्रमाणशीर कपातीची अट आहे, तर सर्जनच्या 40,000 फीचं काय होईल?

धंतोली_सिस्टर

पाच अष्टमांश, म्हणजे 25,000 देय. आणि औषधांवर ही कपात लागत नाही, बरोबर ना? रूमचा फरक तर पेशंटला भरावाच लागतो. आमच्या काउंटरवर याच्यावरूनच सगळ्यात जास्त भांडणं होतात.

वर्धारोड_बीएचएमएस

बरोबर. औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या त्यातून बाहेर. हे पत्रात घालू नका, पण मुलाखतीत असंच सांगा, काउंटरवरच्या भांडणासकट.

मानेवाडा_रोशन

मले एक सांगा मॅडम, हे जमलं कारण सिस्टर क्वेरी हाताळत होत्या. ज्याच्या जुन्या कामात असा धागाच नाही त्यानं काय लिहावं? माझ्या रिकव्हरीचा शाळेच्या ऑफिसाशी काय संबंध होता? काहीच नाही.

वर्धारोड_बीएचएमएस

रिकव्हरीत तुम्ही थकबाकीच्या याद्या ठेवत होता, चिडलेल्या माणसाशी बोलून हप्ते बांधून घेत होता. शाळेच्या ऑफिसात फीची थकबाकी कोण बघतं? पण तुमचं म्हणणं सगळ्याच बाबतीत खोडता येणार नाही. काही बदलांमध्ये धागा खरोखर नसतो, आणि तिथे ओढूनताणून जोडलेला धागा लगेच दिसतो. अशा माणसाने आधी नव्या कामातलं थोडं काहीतरी प्रत्यक्ष करावं, मग लिहावं. नुसत्या पत्राने ते भरून निघेल असं मला वाटत नाही.

खामला_काका

सिस्टर, तुमचं ठरलंच असेल तर ठीक. माझ्या भाच्याने इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची लायसेन्शिएट परीक्षा दिली होती. नोकरी करत देता येते. नाव नोंदवून ठेवलं तर पत्रात दाखवता येईल.

वर्धारोड_बीएचएमएस

काका, हे चांगलं सुचवलंत. नोंदणी केली असेल तर सीव्हीत एक ओळ जरूर टाका, सिस्टर. पत्रात जागा कमी पडली तर मात्र डेंग्यूची फाइल ठेवा.

धंतोली_सिस्टर

सीपीआर काढलं. जाहिरात परत वाचली, 'रोटेशनल शिफ्ट' लिहिलेलं आहे, म्हणून नाइटचा विषयच काढला नाही. एचआर मॅडम, तुमची एक ओळ अशी घेतली आहे, 'वॉर्डातील काम थांबवून पूर्णवेळ क्लेमच्या कामात यायचा निर्णय घेतला आहे.' कारण दिलेलं नाही, पण निर्णय पक्का आहे एवढं कळतं.

एक विचारायचं राहिलं. अर्जात अपेक्षित पगाराचा रकाना आहे. आताच्या पगारापेक्षा तिथला सुरुवातीचा कमी असेल असं ऐकलंय. रकाना रिकामा ठेवू की आताचाच आकडा टाकू? सोमवारपर्यंत अर्ज पाठवायचा आहे.

एचआर_त्रिमूर्तीनगर

रिकामा ठेवू नका, पोर्टल पुढे जाऊ देत नाही. आताच्या पगारापासून खाली तुम्हाला परवडेल तिथपर्यंतचा पट्टा टाका.

वर्धारोड_बीएचएमएस

पट्ट्याचा खालचा आकडा टाकताना विचार करा, ऑफर बहुतेक तिथूनच सुरू होते. मी तर आताचाच पगार टाकला असता आणि मुलाखतीत बोलले असते. यावर इथल्या बाकीच्या एचआरवाल्यांचं काय मत आहे?